पैसे घेऊन खरं बोलण्याचा करार

कोपऱ्यावरच्या दुकानाला व्हिडिओचा प्रस्ताव देणारा मेल कसा लिहावा?

यूट्यूबवर हजार-दोन हजार सबस्क्रायबर असलेले असंख्य मराठी चॅनल आहेत. कुणी घरचा स्वयंपाक दाखवतं, कुणी कुंड्यांतली बाग, कुणी सायकलची दुरुस्ती. मोठ्या कंपन्या एवढ्या छोट्या चॅनलकडे सहसा फिरकत नाहीत. पण ज्या दुकानात आपण वर्षानुवर्षं जातो, त्या दुकानदाराला जवळपासचं नवं गिऱ्हाईक हवंच असतं. त्याच्या दुकानातल्या एखाद्या वस्तूचा रिव्ह्यू करावा आणि त्याचं थोडं मानधन घ्यावं, ही कल्पना दोघांच्याही सोयीची आहे. बहुतेक वेळा ती पहिल्याच मेलमध्ये फसते. एक तर मेल मोघम असतो, नाहीतर त्यात न पेलणारी आश्वासनं असतात. असा मेल नीट कसा लिहायचा, हे एका उदाहरणातून पाहू. उदाहरण आणि त्यातले आकडे समजण्यासाठी बेतलेले आहेत. नियम मात्र आज लागू असलेलेच आहेत.

समजा, पुण्यात कोथरूडला राहणाऱ्या एका बाई घरगुती पदार्थांचे व्हिडिओ करतात. सबस्क्रायबर १,८००. त्यांच्या सोसायटीसमोर भांड्यांचं जुनं दुकान आहे. तिथे दहा इंची बिडाचा तवा १,२०० रुपयांना मिळतो. त्या तव्याचा व्हिडिओ करावा आणि दुकानदार काकांकडून मानधन घ्यावं, असं त्यांच्या मनात आहे.

आधी तवा, मग मेल

मेल लिहिण्याआधी तवा विकत घ्यायचा आणि वापरायचा. ही पायरी बहुतेक जण गाळतात. आधी पैसे ठरले आणि मग वस्तू हातात आली, तर ती वाईट निघाल्यावर कोंडी होते. खरं बोलावं तर दुकानदार दुखावतो, गप्प बसावं तर बघणाऱ्यांची फसवणूक होते. वस्तू आधीच पारखलेली असली की हा पेच येतच नाही. तवा पटला तर मेल लिहायचा, नाही पटला तर विषय तिथेच संपवायचा.

हा फक्त सभ्यतेचा भाग नाही. केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने २० जानेवारी २०२३ रोजी इन्फ्लुएन्सरांसाठी मार्गदर्शक सूचना प्रसिद्ध केल्या. ज्या वस्तूची शिफारस करायची ती आपण स्वतः वापरलेली किंवा अनुभवलेली असली पाहिजे, असं त्यांत सांगितलं आहे.

वापरायचा म्हणजे एकदा घावन टाकून फोटो काढायचा नव्हे. बिडाचा तवा पहिल्या दिवशी आपलं खरं रूप दाखवत नाही. आधी तो धुऊन, कोरडा करून, तेलाचा अगदी पातळ हात फिरवून धूर येईपर्यंत तापवावा लागतो. हे तीन-चार वेळा केलं की तेलाचा थर धरू लागतो. तरी पहिली काही घावनं चिकटतातच. दुसऱ्या आठवड्यात ती अलगद सुटायला लागतात. एखाद्या रात्री तवा ओला राहिला तर सकाळी तांबूस डाग दिसतात. रोज उचलताना दोन किलोंच्या आसपासचं वजन मनगटाला जाणवतं. तो इंडक्शनवर मंद तापतो, पण एकदा तापला की उष्णता धरून ठेवतो, त्यामुळे थालीपीठ खरपूस होतं. बीड ठिसूळ असतं, फरशीवर पडलं तर तडकू शकतं. तीन आठवड्यांत एवढं कळतं. मेलमध्ये नेमकं बोलायला हेच उपयोगी पडतं.

चॅनलची खरी ताकद किती?

आता दुकानदाराला कोणता आकडा सांगायचा? सबस्क्रायबरची संख्या सांगायला सोपी, पण तिच्यावरून व्हिडिओ किती जण पाहतील हे कळत नाही. त्यासाठी शेवटचे दहा व्हिडिओ घ्यावेत आणि प्रत्येक व्हिडिओला पहिल्या तीस दिवसांत किती व्ह्यूज मिळाले ते यूट्यूब स्टुडिओत पाहून लिहून काढावं. समजा आकडे असे आले: ६२०, ७००, ७४०, ८१०, ८८०, ९२०, ९६०, १,०५०, १,३०० आणि १४,०००.

यांची सरासरी जवळजवळ २,२०० येते. ती सांगायचा मोह होईल. पण दहापैकी नऊ व्हिडिओ १,३०० च्या पुढे गेलेले नाहीत. सरासरी वर ओढली आहे ती एकट्या १४,००० वाल्या व्हिडिओने. आकडे चढत्या क्रमाने लावून मधले दोन घेतले, तर ८८० आणि ९२० यांच्यामध्ये ९०० येतात. दुकानदाराला सांगायचा आकडा हाच, कारण पुढचा व्हिडिओ त्याच्याच आसपास राहण्याची शक्यता जास्त.

दुसरा प्रश्न, हे ९०० कुठले? नागपूरचा प्रेक्षक कोथरूडला तवा घ्यायला येणार नाही. स्टुडिओच्या सविस्तर विश्लेषणात शहरनिहाय आकडे पाहता येतात. छोट्या चॅनलला ते अपुरे मिळू शकतात आणि शहराच्या आत, म्हणजे कोथरूडचे किती नि हडपसरचे किती, हे त्यातून कळत नाही. आपल्या उदाहरणात ३५ टक्के पुण्याचे धरू. म्हणजे ९०० पैकी ३१५.

आता दुकानदाराच्या बाजूने हिशेब करू. १,२०० रुपयांच्या तव्यामागे त्याला २४० रुपये सुटतात असं धरू. बाईंनी ६,००० रुपये मागितले, तर ते भरून निघायला २५ तवे जादा खपावे लागतील. म्हणजे पुण्यातल्या दर बारा-तेरा व्ह्यूजमागे एक तवा विकला गेला पाहिजे. हे होणार नाही आणि गल्ल्यावर उभी हयात घालवलेल्या माणसाला ते कागद-पेन्सिल न घेताही कळतं. १,५०० रुपये मागितले तर सात तवे पुरतात. पहिल्या महिन्यात तेही अवघडच आहे, पण भांड्यांच्या रिव्ह्यूला एक फायदा असतो. ‘बिडाचा तवा कसा वापरायचा’ हे लोक पुढेही शोधत राहतात, त्यामुळे व्हिडिओ महिन्यानंतरही पाहिला जाऊ शकतो.

याच्या जोडीला दुकानदाराला थेट कामाची पडेल अशी एक गोष्ट देता येते. ती म्हणजे त्याच्या स्वतःच्या व्हॉट्सॲप स्टेटससाठी तीस सेकंदांची क्लिप. दुकानाचं गिऱ्हाईक त्याच्या फोनमध्ये आधीच असतं आणि ते जवळच राहतं. छोट्या चॅनलच्या प्रेक्षकांपेक्षा हा वर्ग त्याला जास्त लाभदायक ठरू शकतो. प्रस्तावात ही क्लिप असली की १,५०० रुपये देण्याला ठोस कारण मिळतं.

मेल

एवढी तयारी झाली की मेल आपोआप छोटा होतो. तो साधारण असा असावा:

विषय: दहा इंची बिडाच्या तव्याचा सशुल्क व्हिडिओ, मानधन १,५०० रुपये

नमस्कार काका,

मी आपल्या दुकानासमोरच्या सोसायटीत राहते. गेल्या महिन्यात आपल्याकडून दहा इंची बिडाचा तवा १,२०० रुपयांना घेतला. बिलाचा क्रमांक आणि तारीख खाली दिली आहे.

मी यूट्यूबवर घरगुती स्वयंपाकाचे व्हिडिओ टाकते. १,८०० सबस्क्रायबर आहेत. माझा व्हिडिओ पहिल्या महिन्यात साधारण ९०० वेळा पाहिला जातो आणि त्यातला सुमारे एक तृतीयांश प्रेक्षक पुण्यातला असतो.

तवा तीन आठवडे रोज वापरला. थालीपीठ आणि घावन उत्तम होतात. तो जड आहे, ओला राहिला तर गंजतो आणि इंडक्शनवर तापायला वेळ घेतो. या तव्याचा सहा मिनिटांचा रिव्ह्यू करायची इच्छा आहे. त्यात चांगल्या बाजूंबरोबर या तिन्ही अडचणीही सांगेन.

मानधन १,५०० रुपये. त्यात यूट्यूबवरचा व्हिडिओ, दुकानाचा पत्ता व वेळ आणि आपल्या व्हॉट्सॲपसाठी तीस सेकंदांची क्लिप येईल. ही जाहिरात असून मानधन घेतलं आहे, हे दोन्हींत स्पष्ट लिहिलेलं आणि बोललेलं असेल.

व्हिडिओ टाकण्याआधी आपल्याला दाखवीन. किंमत, वजन, पत्ता यांत चूक असेल तर दुरुस्त करीन. मत मात्र माझंच राहील. किती तवे खपतील याची हमी मी देऊ शकत नाही.

अर्धे पैसे चित्रीकरणाच्या दिवशी आणि अर्धे व्हिडिओ लागल्यावर द्यावेत. पावती देईन. बुधवारी दुपारी तीन वाजता दुकानात येऊन बोलू का? नको असेल तर तसं मोकळेपणाने सांगा.

खाली नाव, मोबाईल नंबर, सोसायटीचं नाव, चॅनलची लिंक आणि बिलाचा तपशील.

प्रत्येक ओळ कशासाठी?

दुकानदारांच्या इनबॉक्समध्ये ‘तुमचं दुकान गूगलवर पहिल्या क्रमांकावर आणतो’ अशा अनोळखी मेलची भर पडतच असते. त्यामुळे अनोळखी मेल उघडण्याआधीच पुसला जाण्याची शक्यता मोठी. म्हणून पहिल्याच ओळीत आपण शेजारचं गिऱ्हाईक आहोत हे कळलं पाहिजे. बिलाचा क्रमांक ही त्याची खूण. तो दुकानदाराला आपल्या वहीत ताडून पाहता येतो. त्याच कारणासाठी मेलला फाइल जोडू नये. अनोळखी माणसाची फाइल उघडू नये हे आता सगळ्यांनाच ठाऊक आहे.

विषयाच्या ओळीत रक्कम लिहायला अनेकांना संकोच वाटतो. ‘कोलॅबोरेशनबद्दल थोडं बोलायचं होतं’ असं लिहिलं की सभ्य वाटतं. पण दुकानदाराच्या मनात पहिला प्रश्न येतो तो हाच की यात माझे किती जाणार. उत्तर शेवटपर्यंत लपवलं तर त्याला आपल्या हेतूचीच शंका येते.

दोषांचा उल्लेख ही मेलमधली सर्वांत धाडसी जागा आहे आणि ती तिथेच हवी. तवा गंजतो हे दुकानदाराला माहीतच असतं. न धुता-पुसता ठेवलेला तवा बदलून मागणारं गिऱ्हाईक त्याने पाहिलेलं असतं. तवा कसा सांभाळायचा हे व्हिडिओत दाखवलं, तर त्याची रोजची डोकेदुखी थोडी कमी होते. त्यामुळे दोष सांगणारा रिव्ह्यू त्यालाही सोयीचा ठरू शकतो. आणि हे त्याला नको असेल, तर तो नकार चित्रीकरणाआधीच मिळतो.

‘तपासून घ्या, पण मत माझं’ ही ओळ पुढचे बहुतेक वाद टाळते. दुकानदाराला दुरुस्तीचा हक्क आहे तो तथ्यांपुरता. गंजाचा भाग काढून टाका, असं सांगायचा हक्क त्याने विकत घेतलेला नाही. हे आधी लिहिलेलं असलं की नंतर ताणाताणी होत नाही. मानधनाचे दोन हप्तेही त्याचसाठी. सगळे पैसे शेवटी मिळणार असतील तर ते मिळेपर्यंत बोलणाऱ्याची जीभ जड होते आणि सगळे आधी घेतले तर दुकानदाराला धास्ती वाटते.

‘जाहिरात’ हा शब्द कुठे आणि किती वेळ?

छोट्या चॅनलवाल्यांचा इथे मोठा गैरसमज असतो. नियम लाखो सबस्क्रायबरवाल्यांसाठी आहेत, असं त्यांना वाटतं. सरकारच्या सूचनांत सबस्क्रायबरची किमान अट नाही. पैसे घेतले असोत, वस्तू फुकट मिळालेली असो, सवलत मिळालेली असो किंवा दुकानदार आपला नातेवाईक असो, बघणाऱ्याला ते सांगावंच लागतं. म्हणजे पैसे न घेता फक्त तवा फुकट घेतला तरी सुटका नाही. हे सांगणं साध्या भाषेत, चटकन दिसेल असं हवं आणि व्हिडिओत ते दिसलंही पाहिजे, ऐकूही आलं पाहिजे. नुसतं खालच्या वर्णनात लिहून भागत नाही.

किती वेळ दाखवायचं याचे आकडे ‘ॲस्की’ या जाहिरात क्षेत्रातल्या स्वयंनियमन संस्थेने दिले आहेत. तिचे इन्फ्लुएन्सरांसाठीचे नियम १४ जून २०२१ पासून लागू आहेत. पंधरा सेकंदांपर्यंतच्या व्हिडिओत लेबल किमान तीन सेकंद दिसायला हवं. त्याहून मोठ्या पण दोन मिनिटांपेक्षा छोट्या व्हिडिओत एक तृतीयांश वेळ. दोन मिनिटं किंवा त्याहून मोठ्या व्हिडिओत वस्तूबद्दल बोलणं चालू असेल तेवढा सगळा वेळ. आपला सहा मिनिटांचा व्हिडिओ सगळाच तव्याचा आहे, म्हणून लेबल पहिल्यापासून शेवटपर्यंत. तीस सेकंदांच्या क्लिपला नियमाने दहा सेकंद पुरतात. पण स्टेटस लोक अर्धवट पाहून पुढे सरकतात, त्यामुळे तिथेही पूर्ण वेळ ठेवावं. लेबल व्हिडिओच्याच भाषेत चालतं. ‘जाहिरात: दुकानाकडून मानधन घेतलं आहे’ एवढं मराठीत लिहिलं की अर्थ कुणालाही कळतो.

यूट्यूबची स्वतःची सोयही वापरावी. व्हिडिओ चढवताना सशुल्क प्रसिद्धी असल्याची खूण केली की सुरुवातीचे दहा सेकंद पडद्यावर Includes paid promotion अशी सूचना येते. यूट्यूबच्या नियमांप्रमाणे ही खूण करावीच लागते. पण तीवर विसंबून राहू नये, कारण ती दहा सेकंदांत जाते आणि व्हॉट्सॲपवर गेलेल्या क्लिपबरोबर ती जातच नाही. म्हणून लेबल चित्रातच बसवलेलं असावं. म्हणजे क्लिप एका ग्रुपमधून दुसऱ्यात गेली तरी ते सोबत राहतं.

आणखी एक बारीक फसगत इथे होते. तवा बाईंनी खरोखरच स्वतःच्या पैशाने घेतला आहे. ‘हा तवा मी स्वतः विकत घेतला’ हे व्हिडिओत सांगणं खरंच आहे. पण ते एकटंच सांगितलं तर मानधन घेतलंच नाही असा समज होतो. दोन्ही गोष्टी एकाच वाक्यात याव्यात: ‘तवा मी विकत घेतला, व्हिडिओसाठी दुकानाकडून मानधन घेतलं.’

ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीबद्दल शिफारस करणाऱ्यालाही दहा लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो, पुन्हा तसंच केलं तर पन्नास लाखांपर्यंत. शिवाय एक वर्षापर्यंत, आणि दुसऱ्यांदा तीन वर्षांपर्यंत, शिफारस करण्यास मनाई होऊ शकते. दावा खरा आहे का याची रीतसर खातरजमा केलेली असेल तर कायदा शिफारस करणाऱ्याला दंडातून वगळतो. तीन आठवड्यांच्या वापराची तारीखवार वही आणि हा मेल, दोन्ही जपून ठेवावेत ते यासाठी.

दुकानदार काय म्हणेल?

काका मेलवर उत्तर देतीलच असं नाही. दुकानाचा मेल बऱ्याचदा मुलगा किंवा हिशेबनीस पाहतो. म्हणून मेल पाठवल्याचं दुकानात जाऊन तोंडी सांगावं. दुपारची उसंतीची वेळ गाठावी आणि धनत्रयोदशीच्या आठवड्यात तर भांड्यांच्या दुकानात हा विषयच काढू नये. मग मेलचा उपयोग काय? तोंडी ठरलेलं दोघांना वेगवेगळं आठवतं. मेल दोघांकडे सारखाच राहतो.

बोलण्यात एक मागणी येण्याची बरीच शक्यता आहे: ‘बिडाच्या तव्याने हिमोग्लोबिन वाढतं, एवढं सांगा.’ लोखंडी भांड्यात, विशेषतः आंबट पदार्थ शिजवला, तर अन्नात थोडं लोह उतरतं हे खरं. पण त्यावरून अमुक तवा वापरल्याने हिमोग्लोबिन वाढेल किंवा पंडुरोग बरा होईल, असा दावा करता येत नाही. या तव्याची तशी कुठलीही चाचणी आपल्याकडे नाही. त्यावर विसंबून कुणी औषध थांबवलं तर नुकसान त्या माणसाचं. इथे नम्रपणे पण ठाम नकार द्यावा आणि त्याऐवजी जे स्वतः पाहिलंय ते सांगायची तयारी दाखवावी: थालीपीठ किती खरपूस झालं, तेल किती लागलं, कितव्या दिवशी घावन सुटायला लागलं.

दुसरी शंका रास्त असते: ‘जाहिरात असं लिहिलं तर लोक विश्वास ठेवतील का?’ ज्यांच्यासाठी व्हिडिओ करायचा ते शेजारचे आहेत. मानधन घेतल्याचं त्यांना दुसरीकडून कळलं तर बोलणारी बाई आणि विकणारा दुकानदार, दोघांचाही शब्द जातो आणि त्या गल्लीत तो परत मिळवणं कठीण असतं. पहिल्याच सेकंदाला सांगितलेली गोष्ट मागाहून उघडकीला यायची राहत नाही.

महिन्याने दुसरा मेल

व्हिडिओ लागला की काम संपलं असं समजू नये. दुकानदाराला गल्ल्याजवळ एक छोटी वही ठेवायला सांगावी आणि तवा घेणाऱ्या प्रत्येकाला ‘कुठून कळलं?’ एवढं विचारायला सांगावं. व्हिडिओ पाहून आलेल्यांपुढे एक रेघ मारायची. व्ह्यूज किती झाले हे यूट्यूब सांगतं, पण त्यांतले किती जण दुकानाची पायरी चढले हे या रेघांवरूनच कळतं.

तीस दिवसांनी बाईंनी काकांना चार ओळींचा मेल पाठवावा: व्ह्यूज किती झाले, त्यांतले पुण्यातले अंदाजे किती, प्रेक्षकांनी तव्याबद्दल काय विचारलं आणि वहीत रेघा किती आल्या. समजा रेघा तीनच आल्या, तर तीनच लिहाव्यात. हिशेबाने सात लागत होते, म्हणजे दुकानदाराचे अजून पैसे सुटलेले नाहीत. अशा वेळी पुढच्या व्हिडिओचं मानधन कमी करावं किंवा ज्या वस्तूत दुकानाला जास्त सुटतं अशी दुसरी वस्तू निवडावी. रेघा दहा आल्या, तर मानधन वाढवून मागायला हाच मेल पुरावा म्हणून चालतो. दोन्ही बाबतींत पुढचा व्यवहार खऱ्या आकड्यावर उभा राहतो.